ऊन पाणी किती खोलून येतं?

मुंबईहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की संगमेश्वरच्या अलीकडे तुरळ गाव येतं. महामार्गापासून हाकेच्या अंतरावर तिथे गरम पाण्याचं कुंड आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे गेलात तर कुंडावर वाफेची पातळ चादर पसरलेली दिसते. कडेला बसून बोट पाण्यात घातलं तर दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावं लागतं, कारण उगमापाशी पाणी साठ अंशांच्या आसपास असतं. आंघोळीला बसलेली माणसं म्हणूनच आधी बादलीत गार पाणी घेतात आणि मग त्यात कुंडातलं ऊन पाणी ओततात.

कोकणात गरम पाण्याला ‘ऊन पाणी’ म्हणतात. हा शब्द नकाशावरही उमटला आहे. दापोलीकडचं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, राजापूरजवळचं उन्हाळे ही गावांची नावं या पाण्यावरूनच पडली. कोकणाबाहेर जळगाव जिल्ह्यातलं उनपदेव आणि नांदेडमधलं उनकेश्वर यांच्याही नावात तेच ऊन आहे. पालघरपासून राजापूरपर्यंत किनाऱ्याला समांतर अशा सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात अठराएक ठिकाणी हे झरे आहेत. काहींचं पाणी नुसतं कोमट, तर उन्हवऱ्याचं सत्तर अंशांच्या घरात.

कुंडाशी बसलेल्या कुणालाही विचारा, पाणी गरम का? बहुधा उत्तर येईल, “खाली ज्वालामुखी हाय.” उत्तर चुकीचं आहे, पण त्यामागे विचार आहे. सह्याद्री लाव्हारसाचाच बनलेला आहे हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. तेव्हा त्या लाव्हाची ऊब अजून खाली उरली असेल, असं वाटणं साहजिक आहे. ती उरलेली नाही. मग ही उष्णता आली कुठून, ती किती आहे आणि तिच्यावर दिवा पेटेल का, हे तिन्ही प्रश्न एकाच धाग्यात गुंफलेले आहेत. तो धागा जमिनीत खाली उतरतो.

दोन गुंठ्यांची ऊब

जमिनीत खाली जावं तसं तापमान वाढतं. पहिल्या काही मीटरांत दिवस-रात्र आणि उन्हाळा-हिवाळा यांचा परिणाम जाणवतो. त्याच्या खाली तो संपतो आणि मग वाढ एका ठरावीक चालीने होत राहते. खंडांच्या भूभागात ही वाढ सरासरी दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस असते. शास्त्रीय भाषेत तिला भूतापीय प्रवणता म्हणतात. कोलारच्या सोन्याच्या खाणीत तीन किलोमीटर खाली काम करणाऱ्यांना ती अंगावर जाणवायची. तिथे कातळच साठ अंशांच्या पुढे तापलेला होता आणि खाणीत थंड हवा सोडल्याशिवाय माणूस टिकू शकत नव्हता.

ही उष्णता दोन वाटांनी आली आहे. पृथ्वी जन्मली तेव्हाची काही आत अजून शिल्लक आहे. उरलेली कातळात विखुरलेल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या अणूंच्या विघटनातून सतत तयार होते. दोन्ही मिळून ती हळूहळू वर झिरपते आणि आकाशात निघून जाते. हळूहळू म्हणजे किती, हे समजायला शेतजमिनीचं माप घेऊ. दख्खनच्या बऱ्याच भागात एका चौरस मीटरमधून एका वॅटच्या हजाराव्या भागांत मोजल्यास चाळीस-पंचेचाळीस भाग एवढी उष्णता बाहेर पडते. म्हणजे दोन गुंठे जमिनीची सगळी ऊब गोळा केली तर ती जेमतेम नऊ-दहा वॅट भरेल. एवढ्यात घरातला एक एलईडी दिवा लागतो, आणि तोही सगळ्या उष्णतेची वीज झाली असं धरलं तर.

वर येणारी उष्णता सारखी असली तरी प्रवणता सगळीकडे सारखी नसते, कारण कातळ वेगवेगळे असतात. ग्रॅनाइट उष्णता बऱ्यापैकी वाहू देतो, बेसॉल्ट त्याहून कमी. जाड गोधडी पांघरली की आतली ऊब आणि बाहेरचा गारवा यांत मोठं अंतर पडतं, तसंच इथे होतं. पंचेचाळीसचा आकडा धरून हिशेब केला तर ग्रॅनाइटमध्ये किलोमीटरला पंधराएक अंशांची वाढ निघते, तर बेसॉल्टच्या थरात पंचवीसेक अंशांची. म्हणून नुसती प्रवणता सांगून भागत नाही. ती कोणत्या कातळात मोजली हेही सांगावं लागतं. दख्खनच्या पठारावर वर बेसॉल्ट आणि खाली ग्रॅनाइटसारखा जुना पाया अशी रचना आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल विंधणविहीर घेतली, तेव्हा ३३८ मीटरांवर बेसॉल्ट संपला आणि थोड्याच अंतरावर तो जुना पाया लागला.

लाव्हा केव्हाच निवला

आता ज्वालामुखीचा हिशेब पुरा करू. दख्खनचा लाव्हा साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी वाहिला. कातळ उष्णतेचा मंद वाहक आहे, त्यामुळे त्याला निवायला वेळ लागतो, पण तो वेळ मोजता येतो. थराची जाडी दुप्पट झाली की निवण्याचा काळ चौपट होतो. दहा किलोमीटर जाडीचा तप्त गोळा जमिनीखाली अडकला असता तरी तो तीसएक लाख वर्षांत बहुतांशी निवला असता. सहा कोटी वर्षं त्याच्या वीसपट आहेत. तेव्हा तुरळच्या कुंडाखाली लाव्हाची धग नाही. तिथे आहे ती दोन गुंठ्यांना दहा वॅट एवढीच, सगळीकडे असणारी साधी ऊब.

मग साध्या उबेतून साठ अंशांचं पाणी कसं येतं? समजा, एका कुंडात सेकंदाला पाच लिटर पाणी येतं. जमिनीतलं साधं पाणी सत्तावीस अंशांचं असतं, हे साठ अंशांचं आहे. पाच लिटर पाणी दर सेकंदाला तेहतीस अंशांनी तापवायला सुमारे सातशे किलोवॅट उष्णता लागते. ही उष्णता झिरपणाऱ्या उबेतूनच मिळवायची तर पंधरा चौरस किलोमीटर मुलखाची ऊब त्या एका कुंडाशी आणून ओतावी लागेल.

झरा हेच काम करतो. तो उष्णता तयार करत नाही, गोळा करून आणतो. सह्याद्रीवर पडलेला पाऊस कातळातल्या भेगांतून खाली उतरतो. वाटेत लागेल त्या कातळाची साठलेली ऊब तो घेत जातो आणि एखाद्या रुंद भेगेतून चटकन वर येतो. पाण्यातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांची तपासणी झाली आहे आणि हे पाणी मुळात पावसाचंच आहे हे त्यातून स्पष्ट झालं आहे. त्याला वर ढकलायला दोन गोष्टी मदत करतात. एक म्हणजे डोंगरावरच्या पाण्याचा दाब, कारण पाऊस पडतो उंचावर आणि झरा फुटतो पायथ्याच्या सखल भागात. दुसरी म्हणजे तापलेलं पाणी गार पाण्यापेक्षा हलकं असतं.

यातला ‘चटकन’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पाणी रेंगाळत वर आलं तर वाटेतला गार कातळ त्याची सगळी ऊब काढून घेईल आणि वर येईल ते साधं विहिरीचं पाणी. असं खोल गेलेलं पाणी महाराष्ट्रात इतर ठिकाणीही असू शकतं, पण वर यायला मोकळी वाट नसेल तर ते आपल्याला कधीच कळत नाही. कोकणात ती वाट आहे. भारताचा भूभाग आजच्या सेशेल्सपासून फाटून वेगळा झाला तेव्हा पश्चिम किनाऱ्यालगतचे बेसॉल्टचे थर समुद्राकडे वाकले आणि त्यांना किनाऱ्याला समांतर भेगा पडल्या. पनवेलजवळ हे वाकलेले थर स्पष्ट दिसतात. झऱ्यांची रांग किनाऱ्याला समांतर का, याचं उत्तर या भेगांत आहे.

गारगोटीतला तापमापक

पाणी किती खोल जाऊन आलं, हे विहीर न खणता कसं कळेल? याची एक सुंदर युक्ती आहे आणि तिचा संबंध आपल्या ओळखीच्या गारगोटीशी येतो.

गारगोटी म्हणजे सिलिका. गरम पाण्यात सिलिका थोडी विरघळते आणि पाणी जितकं गरम तितकी जास्त विरघळते. खोल तापलेल्या कातळात पाणी बराच काळ राहिलं की त्या तापमानाला जेवढी विरघळायची तेवढी सिलिका त्यात उतरते. मग पाणी वर येताना निवतं, पण सिलिका लगेच बाहेर पडत नाही, त्याला फार वेळ लागतो. त्यामुळे कुंडावर आलेल्या गार होत चाललेल्या पाण्यातही खालच्या तापमानाची खूण शिल्लक असते. बाटलीभर पाणी घ्यायचं, प्रयोगशाळेत त्यातली सिलिका मोजायची आणि खालचं तापमान काढायचं.

उदाहरण म्हणून एका लिटरमध्ये ९० मिलिग्रॅम सिलिका आढळली असं धरू. शुद्ध स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, पाण्यात विरघळला असेल तर सूत्रानुसार खालचं तापमान १३१ अंश येतं. पण दख्खनच्या कातळात पोकळ्या भरलेल्या असतात त्या बऱ्याचदा कॅल्सेडनीने. अकीक ज्या जातीचा तीच ही सूक्ष्म कणांची गारगोटी. ती क्वार्ट्झपेक्षा सहज विरघळते. तिचं सूत्र लावलं तर त्याच ९० मिलिग्रॅमवरून १०४ अंश निघतात. बाटली एक, मोजमाप एक आणि उत्तरांत सत्तावीस अंशांचा फरक. म्हणून जाणकार एकाच खुणेवर विसंबत नाहीत. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांच्या प्रमाणांवरूनही तापमान काढून पाहतात आणि उत्तरं एकमेकांच्या जवळ आली तरच त्यावर विश्वास ठेवतात.

आणखी एक फसवी गोष्ट असते. वर येताना गरम पाण्यात उथळ भूजल मिसळलं तर सिलिका पातळ होते आणि खालचं तापमान कमी भासतं. हे ओळखायला एकदाच नमुना घेऊन चालत नाही. मे महिन्यात आणि भर जुलैत असे दोन नमुने घ्यायचे. कोकणातल्या या झऱ्यांच्या पाण्यात मुख्यतः सोडियम आणि कॅल्शियम यांची क्लोराइडं असतात आणि पावसाच्या पाण्यात ती अगदी थोडी असतात. जुलैत तापमानही उतरलं आणि क्लोराइडही घटलं, तर पावसाचं ताजं पाणी वरच्यावर मिसळतं आहे असं समजायचं. दोन्ही तसूभर हलली नाहीत तर झरा खोलवरचा आणि बंदिस्त वाटेने येणारा आहे.

वेगवेगळ्या पद्धतींनी कोकणच्या झऱ्यांखालचं तापमान साधारण शंभर ते दीडशे अंशांच्या दरम्यान येतं. मधला १२० चा आकडा धरू. वरची जमीन सत्तावीस अंशांची आणि प्रवणता किलोमीटरला पंचवीस, तर १२० अंश गाठायला पावणेचार किलोमीटर खाली जावं लागेल. कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे. अशी दोन शिखरं एकावर एक उलटी ठेवली तरी तुरळचं पाणी त्यांच्या टोकांच्याही खालून आलेलं असतं. तिथे ते उकळत नाही, कारण एवढ्या खोलीवर वरच्या पाण्याचा दाब प्रचंड असतो आणि दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू खूप वर जातो.

विहीर खोटं बोलते तेव्हा

“एवढं आहे तर कुंडाशेजारीच बोअर मारू,” असं वाटू शकतं. तशा उथळ विंधणविहिरी अनेक झऱ्यांजवळ घेतल्या गेल्या आहेत. त्यात तापमापक सोडला की पहिल्या पन्नास मीटरांतच पारा सत्तावीसवरून साठवर गेलेला दिसू शकतो. किलोमीटरच्या हिशेबात ही वाढ साडेसहाशे अंशांची झाली. हा आकडा कागदावर तसाच पुढे नेला तर दीड-दोन किलोमीटरवर कातळ वितळायला हवा.

खरं घडतं ते असं. विहीर भेगेतल्या वर येणाऱ्या पाण्याला जाऊन भिडते आणि साठ अंशांवर पोचते. त्याखाली आणखी दोनशे मीटर खणलं तरी तापमान साठ-बासष्टच राहतं, कधी विहीर भेग ओलांडून पलीकडे गेली तर उलट उतरूही लागतं. कातळाची खरी प्रवणता कळायला विहीर झऱ्यापासून दूर आणि पुरेशी खोल हवी. खणताना आत सोडलेल्या पाण्याने कातळ गार झालेला असतो, म्हणून खणून झाल्यावर काही आठवडे विहीर स्वस्थ ठेवावी लागते. मग दर काही मीटरांवर तापमान घ्यायचं. आलेखावर तिरपी सरळ रेघ आली तर कातळ बोलतो आहे. रेघ आधी उसळून मग उभी झाली तर पाणी बोलतं आहे. झऱ्यांच्या आसपासच्या उथळ विहिरींतून निघालेल्या मोठमोठ्या प्रवणतांकडे याच सावधपणाने पाहायला हवं.

कुंडाशेजारी खणण्यात दुसरा धोका आहे तो कुंडालाच. न्यूझीलंडच्या रोटोरुआ शहरात लोकांनी घरं आणि हॉटेलं तापवायला शेकडो विंधणविहिरी घेतल्या आणि तिथली प्रसिद्ध गरम पाण्याची कारंजी मंदावत गेली. शेवटी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पोहुतू या मोठ्या कारंजापासून दीड किलोमीटरच्या आतल्या विहिरी सरकारने बंद करायला लावल्या. त्यानंतर खालचा दाब पुन्हा वाढला आणि कारंजी सावरू लागली. तुरळच्या कुंडाला पाच लिटरांवर जगायचं असेल तर त्याच्या भेगेतून पंपाने वीस लिटर ओढून चालणार नाही.

चोवीस तास वीज, पण किती?

भूतापीय वीज म्हटलं की डोळ्यांपुढे वाफेवर फिरणारी मोठी चक्रं येतात. इटलीतल्या लार्दरेल्लोला १९०४ मध्ये जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे पेटवले गेले आणि १९१३ मध्ये तिथे अडीचशे किलोवॅटचं वीजघर सुरू झालं. तिथे जमिनीतून थेट वाफच येते. कोकणात वाफ नाही, गरम पाणी आहे. अशा पाण्यासाठी वेगळं यंत्र लागतं. गरम पाणी एका बंद नळीतल्या, कमी तापमानाला उकळणाऱ्या द्रवाला तापवतं. त्या द्रवाची वाफ चक्र फिरवते, मग ती थंड करून पुन्हा द्रव केली जाते आणि फेरा सुरू राहतो. कुंडाचं पाणी चक्राला शिवतसुद्धा नाही.

अलास्कातल्या चेना या ठिकाणी २००६ पासून असं यंत्र चालतं आहे. तिथलं पाणी अवघं ७४ अंशांचं, म्हणजे उन्हवऱ्याच्या पाण्याहून फार तर तीन-चार अंशांनी जास्त. त्यावर एकेक यंत्र दोनशे किलोवॅट वीज देतं. मग उन्हवऱ्याला का नाही?

याचं उत्तर गरम बाजूला नाही, गार बाजूला आहे. उष्णता कामाला लागते ती दोन तापमानांतल्या फरकामुळे, जशी पाणचक्की फिरते ती पाण्याच्या उंचीमुळे नव्हे, तर वरच्या आणि खालच्या पातळीतल्या फरकामुळे. चेनाला यंत्र थंड करायला चार अंशांचं पाणी मिळतं. म्हणजे फरक सत्तर अंशांचा. निसर्गनियमाप्रमाणे अशा फरकात उष्णतेतला जास्तीत जास्त वीस टक्के भाग कामात बदलू शकतो आणि प्रत्यक्ष यंत्र आठएक टक्के देतं. उन्हवऱ्याला यंत्र थंड करणारं पाणी किंवा हवा तीस अंशांची असणार. ७१ आणि ३० यांतला फरक ४१. निसर्गाचीच मर्यादा बारा टक्क्यांवर येते आणि हातात पडतात चार-पाच टक्के. शिवाय चेनाचं एक यंत्र सेकंदाला तीसेक लिटर पाणी वापरतं.

आपल्या पाच लिटरांचा हिशेब करू. ७१ अंशांचं पाणी ५१ पर्यंत निववलं तर सुमारे चारशे किलोवॅट उष्णता मिळते. तिच्यातले पाच टक्के म्हणजे वीस किलोवॅट वीज. पंप आणि पंखे त्यातले काही खातात, उरतात बारा-पंधरा. काही घरांची, फार तर एका छोट्या वाडीची गरज यातून भागेल. तेलंगणात मनुगुरूजवळ सिंगरेणी कोळसा कंपनीने अशाच पद्धतीचा प्रायोगिक संच उभारला आहे आणि त्याची क्षमताही वीस किलोवॅटच आहे. हा आकडा लाजिरवाणा नाही, तो या तापमानाचा स्वभाव आहे.

चित्र बदलतं ते खाली जाऊन १२० अंशांचं पाणी थेट गाठलं तर. सेकंदाला वीस लिटर मिळाले आणि ते सत्तर अंशांपर्यंत निववले तर चार हजार किलोवॅटांहून थोडी जास्त उष्णता मिळते आणि दहा टक्क्यांच्या हिशेबाने चारशे किलोवॅट वीज. पण त्यासाठी तीन-पावणेचार किलोमीटर खोल विहीर हवी आणि ती विहीर पाणी असलेल्या भेगेला नेमकी भिडायला हवी. भेग चुकली तर हाती लागतो तो तापलेला पण कोरडा कातळ.

कोरड्या कातळात दाबाने पाणी सोडून भेगा उघडायच्या, हा उपाय जगात करून पाहिलेला आहे. स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात २००६ मध्ये तसं करताना ३.४ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तो प्रकल्प पुढे सोडून द्यावा लागला. कोकणच्या झऱ्यांच्या पट्ट्याला लागूनच, सह्याद्रीच्या माथ्यावर कोयना आहे. तिथे ११ डिसेंबर १९६७ रोजी झालेल्या मोठ्या भूकंपाचा संबंध धरणातल्या पाण्याशी जोडला जातो. तिथल्या कातळात ताण साठलेला आहे आणि पाण्याच्या दाबाने तो सुटू शकतो, हे आपण फार मोठी किंमत मोजून शिकलो आहोत. या परिसरात खोल कातळात दाबाने पाणी सोडायची योजना कुणी मांडली तर पहिला प्रश्न विजेचा नसून भूकंपाचा असला पाहिजे.

भारतात विजेसाठी खरी आशा आहे ती लडाखमधल्या पुगा खोऱ्यात. तिथे भूखंड एकमेकांवर आदळत आहेत आणि कातळ उथळ भागातच तापलेला आहे. खोरं समुद्रसपाटीपासून सुमारे ४४०० मीटर उंच असल्याने तिथे पाणी पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं आणि काही झऱ्यांचं पाणी जवळजवळ उकळत्या अवस्थेतच बाहेर पडतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथे चारशे मीटरांच्या आतल्या विहिरी घेतल्या, तेव्हा त्यांतून वाफ आणि पाणी एकत्र उसळलं. गार बाजूही चेनासारखीच मिळते. २०२१ मध्ये तिथे एक मेगावॅटच्या प्रायोगिक प्रकल्पाचा करार झाला. पुढच्या वर्षी खोदकाम चालू असताना विहिरीतला द्रव बाहेर येऊन पुगाच्या ओढ्यात गेला आणि काम थांबवावं लागलं. खोलातलं पाणी अनेक क्षार घेऊन वर येतं. ते नदीत सोडून चालत नाही, दुसऱ्या विहिरीतून परत खालीच पाठवावं लागतं.

उन्हाळ्याच्या शेवटी पडणारा पाऊस

तुरळला परत येऊ. साठ अंशांतून वीज काढायला गेलं की शंभरातले पंचाण्णव भाग वाया जातात. पण तीच उष्णता उष्णता म्हणूनच वापरली तर? साठ अंश कुठे उपयोगी पडतात, असा उलटा विचार केला की उत्तर कोकणातल्या अंगणातच सापडतं.

एप्रिल-मे महिन्यांत कोकणात अंगणभर वाळवणं पसरलेली असतात. आंबापोळी आणि फणसपोळी ताटांत, रातांब्याची सालं रसात बुडवून पुन्हापुन्हा उन्हात घातलेली, तेव्हा कुठे त्याची आमसुलं होतात. रातांबे पिकायला लागतात आणि मेच्या अखेरीस वळवाची सर येते. अर्धवट वाळलेल्या सालीला पाणी लागलं की बुरशी धरते आणि झाडाखाली पडलेली फळं तशीच कुजतात. या सगळ्या वाळवणांना लागणारी हवा असते पन्नास अंशांच्या आसपासची आणि कोरडी. साठ अंशांचं पाणी नेमकी तीच देऊ शकतं.

हिशेब सोपा आहे. तुरळसारख्या झऱ्याचं सेकंदाला पाच लिटर पाणी ६१ अंशांवरून ४६ वर आणलं तर तीनशे किलोवॅटांहून थोडी जास्त उष्णता मिळते. एक किलो पाणी फळातून उडवायला साधारण २४०० किलोज्यूल लागतात. वाळवणीच्या खोलीत निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं, तरी ताशी दोनशे किलोंच्या वर पाणी उडतं. हे दिवसा आणि रात्री, उन्हात आणि पावसात, वर्षभर. सूर्यावर चालणाऱ्या वाळवणी यंत्राला जूनमध्ये जे जमत नाही, ते इथे जमतं.

यात काय बिघडेल तेही आधी पाहायला हवं. क्लोराइडचं खारट पाणी साध्या लोखंडाला काही महिन्यांत खातं, म्हणून उष्णता घेणाऱ्या पत्र्यांच्या संचाला टायटॅनियम किंवा त्याच्या तोडीचं गंज न लागणारं पोलाद हवं. पाणी निवताना पत्र्यांवर क्षारांचा थर धरतो आणि थर धरला की तेवढ्याच पाण्यातून कमी उष्णता मिळू लागते. पाणी संचात शिरताना आणि बाहेर पडताना त्याचं तापमान रोज लिहून ठेवलं, तर हे वेळेत लक्षात येतं. पूर्वी पंधरा अंश उतरायचं ते आता बाराच उतरतं, तर पत्रे उघडून धुवायची वेळ झाली. या पाण्यात फ्लोराइडही जास्त असतं. म्हणून ते फळाला लागता कामा नये आणि शेतात वा पिण्याच्या पाण्याच्या ओढ्यातही सोडता कामा नये. फळाला फक्त तापलेली हवा लागावी.

आणि इथे विहीर खणायची गरजच नाही. जे पाणी आपसूक वर येतं, तेच कुंडात पडण्याआधी पत्र्यांच्या संचातून फिरवायचं. भेगेवर जास्तीचा भार पडत नाही, कातळाला धक्का लागत नाही, झऱ्याचं पाणी एका थेंबानेही कमी होत नाही. कुंड देवस्थानाचं असो की गावाचं, ते आहे तिथेच राहतं.

त्यातून बाहेर पडणारं पाणी ४६ अंशांचं असेल. कुंडापर्यंत वाहत येताना ते आणखी दोन-तीन अंश निवेल. म्हणजे पावणेचार किलोमीटर खोलून आलेलं पाणी आधी आमसुलं वाळवील आणि मग कुंडात उतरेल ते थेट अंगावर घेण्याजोगं. पहाटे आंघोळीला येणाऱ्यांना बादलीत गार पाणी मिसळावं लागणार नाही.